ग्रुप राहिलाय, रजा हवी आहे

सीए फायनलच्या सप्टेंबर २०२५च्या परीक्षेचा निकाल ३ नोव्हेंबरला लागला, आणि त्याच सुमारास जानेवारीच्या परीक्षेचे फॉर्म भरायला सुरुवात झाली. ज्यांचा एक ग्रुप राहिला त्यांना रडायलाही फारशी फुरसत नव्हती. फॉर्म भरायचा, फी भरायची, क्लासच्या जुन्या नोट्स काढायच्या. यांतले बरेच जण आता आर्टिकलशिप संपवून कुठल्या तरी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी करत असतात. त्यांच्यापुढे आणखी एक काम असतं आणि ते सगळ्यात जास्त पुढे ढकललं जातं. ते म्हणजे साहेबांकडे रजा मागणं.

आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने परीक्षेसाठी रजा मागितली तर ऑफिसात कुणाला नवल वाटत नाही, कारण तो शिकायलाच आलेला असतो. पगारावर असलेल्या माणसाचं तसं नाही. त्याची परीक्षा हा त्याचा खासगी मामला समजला जातो, आणि कायद्यानेही ते तसंच आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे. वर्षभरात किमान २४० दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजाही आहे. परीक्षेची रजा असा वेगळा प्रकार त्यात नाही. शिवाय व्यवस्थापकीय पदावरची माणसं या कायद्यातून वगळलेली आहेत, त्यांना कंपनीच्या नियमांवरच भागवावं लागतं. काही कंपन्या आणि मोठ्या ऑडिट फर्म स्टडी लीव्ह किंवा एक्झाम लीव्ह देतात. पण ती त्यांच्या धोरणातली सोय असते. म्हणून पहिलं काम एचआरचं रजेचं धोरण उघडून वाचणं. अशी सोय असली तरी ती बहुतेकदा ‘स्पेशल लीव्ह’च्या परिच्छेदात तळाशी कुठेतरी असते, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही.

सोय नसेल तर सगळा मामला आपल्या शिल्लक रजेवर येतो. हिशेब सरळ आहे. वर्षाला बाराएक अर्जित आणि आठ किरकोळ, म्हणजे साधारण वीस दिवस. २०२५पासून फायनलची परीक्षाही वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. एका ग्रुपच्या एका अटेम्प्टला सात दिवस धरले तरी तीन अटेम्प्टचे एकवीस होतात. त्यात ना लग्न बसलं, ना ताप, ना गावची जत्रा. त्यामुळे ‘जमतील तेवढे दिवस’ मागायचे नसतात. नेमके कोणते दिवस लागतात ते आधी स्वतःशी ठरवायचं असतं.

आता साहेबांच्या बाजूने बघू. इन्स्टिट्यूटने परीक्षेचे महिने निवडताना अकाउंट्स विभागाचा राग धरला होता की काय, असं वाटण्यासारखी स्थिती आहे. जानेवारीत डिसेंबर तिमाहीचं क्लोजिंग असतं आणि लिस्टेड कंपनीला तिचे निकाल १४ फेब्रुवारीच्या आत जाहीर करायचे असतात. मे महिन्यात वार्षिक हिशेब असतात, त्यांची मुदत ३० मे. सप्टेंबरात टॅक्स ऑडिट आणि वार्षिक सभा. वर्षातल्या ज्या तीन महिन्यांत साहेबांना माणसं कमी पडतात, नेमकं त्याच महिन्यांत त्यांचा एक माणूस पेपर द्यायला जाणार असतो. नकार येतो तो बहुधा इथून. साहेबांना शिक्षणाबद्दल आकस असतो असं नाही, बऱ्याचदा ते स्वतःच सीए असतात आणि त्यांचाही एखादा ग्रुप कधीतरी राहिलेला असतो. त्यांना एवढंच कळायला हवं असतं की त्या दिवसांत कुठलं काम अडेल आणि ते कोण करेल. अर्जात नेमकं तेच नसतं. ‘परीक्षेसाठी दहा दिवस रजा मिळावी’ एवढंच असतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी, सोमवार ते शुक्रवार ऑफिस. अकाउंट्समधल्या एका मुलीचा ग्रुप २ राहिला आहे. जानेवारी २०२६च्या वेळापत्रकात फायनल ग्रुप २ चे पेपर ११, १३ आणि १६ तारखेला होते. अकरा जानेवारी रविवार, तेरा मंगळवार, सोळा शुक्रवार. वरवर पाहिलं तर ऑफिसचे दोनच दिवस जातात, मंगळवार आणि शुक्रवार. एखादे साहेब तर त्याहून पुढे जाऊन म्हणतात, ‘पेपर दोनला आहे ना? मग सकाळी येऊन जा.’

पेपर दोनला असतो हे खरं आहे. पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात मिळते, पंधरा मिनिटं वाचायला असतात, पाच वाजता पेपर संपतो. शेवटचा, सहावा पेपर चार तासांचा असल्याने सहापर्यंत चालतो. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आलं तर साडेबाराला घर सोडावं लागतं. त्या दिवशी सकाळी ऑफिसात बसलेला माणूस कुणाच्याच कामाचा नसतो. हे साहेबांना शांतपणे सांगता येतं आणि बहुतेकांना पटतं.

पटवायला अवघड जातो तो पेपरांमधला दिवस. रविवारी प्रत्यक्ष कराचा पेपर देऊन संध्याकाळी सातला घरी आलेल्या मुलीला मंगळवारचा अप्रत्यक्ष कराचा पेपर उजळायला सोमवार हा एकच पूर्ण दिवस मिळतो. जीएसटी आणि कस्टम्स एका दिवसात. तो सोमवार ऑफिसला दिला तर मंगळवारच्या रजेला फारसा अर्थ उरत नाही. ‘घरून काम कर’ ही तडजोड मला सगळ्यात फसवी वाटते. त्या दिवशी ना काम होतं ना अभ्यास, आणि संध्याकाळी दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. कुठलाच दिवस सोडायची वेळ आली तर परीक्षेआधीच्या तयारीचा एखादा सोडावा, पेपरांमधला सोडू नये. अपवाद तेरा आणि सोळाच्या मधल्या दोन दिवसांचा. सहावा पेपर ओपन बुक असतो, एकाच केस स्टडीत सगळे विषय एकत्र येतात, आणि त्याची तयारी पाठांतरापेक्षा पुस्तकांना खुणा करून ठेवण्याची जास्त असते. सौदा करायचाच झाला तर चौदा तारीख देऊ करता येते. काही जणांना हेही पटणार नाही, त्यांनी तसं ठरवावं.

आता ऑफिसचं कॅलेंडर शेजारी ठेवू. डिसेंबरचा टीडीएस ७ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. जीएसटीआर-१ची मुदत ११, जीएसटीआर-३बीची २०. ही तिन्ही कामं या मुलीकडे आहेत. ती पाच तारखेपासून रजेवर गेली तर टीडीएस लटकतो, आणि त्यावरून साहेब नाही म्हणाले तर त्यांना दोष देता येत नाही. पण ती सातला टीडीएस भरून, जीएसटीआर-१चा डेटा जुळवून सहकाऱ्याच्या हवाली करून आठ तारखेपासून गेली, तर मागे फक्त रिटर्न अपलोड करण्याचं काम उरतं. सोमवारी एकोणीसला ती परत येते, वीसचं ३बी तिच्याच हातून जातं. म्हणजे रजा आठ ते सोळा. आठ, नऊ, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा असे कामाचे सात दिवस.

इथे एक खाच आहे. अनेक कंपन्यांत रजेच्या दोन दिवसांमध्ये आलेले शनिवार-रविवारही रजेत धरतात. ऑफिसात याला सँडविच लीव्ह म्हणतात. तो नियम असेल तर दहा आणि अकरा तारीखही कापली जाते आणि सातचे नऊ दिवस होतात. हे अर्ज करण्याआधी एचआरला विचारून घ्यायचं. किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येते का, हेही त्याच फोनमध्ये विचारायचं, कारण पुष्कळ ठिकाणी ती जोडू देत नाहीत. शिल्लक सहा असताना नऊ दिवसांचा अर्ज टाकला तर उरलेले तीन बिनपगारी होतात आणि ते कळतं महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपवर.

अर्ज कधी द्यायचा? माझ्या मते फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवशी. बरेच जण अ‍ॅडमिट कार्ड येईपर्यंत थांबतात, त्यांना वाटतं पुरावा हातात आल्याशिवाय काय मागणार. पण अ‍ॅडमिट कार्ड परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधी येतं. तोवर डिसेंबर संपत आलेला असतो, क्लोजिंगची आखणी झालेली असते आणि नाताळच्या सुट्ट्यांसाठी इतरांनी आपापल्या रजा टाकून ठेवलेल्या असतात. आस्थापना कायद्यातही रजेच्या अर्जासाठी पंधरा दिवसांचा हिशेब आहे. अ‍ॅडमिट कार्डाची वाट बघणारा माणूस त्या रेषेच्या अगदी काठावर येऊन उभा राहतो.

पुराव्याचे खरं तर टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा कागद मिळतो. वेळापत्रक इन्स्टिट्यूट काही महिने आधी आपल्या संकेतस्थळावर सूचनेच्या रूपात जाहीर करते. ती सूचना तारखांचा पुरावा. फॉर्म भरल्यावर मिळणारी पोच आणि फीची पावती, हा आपण त्या परीक्षेला बसतो आहोत याचा पुरावा. हे दोन्ही नोव्हेंबरातच हातात असतात आणि अर्जाला तेवढे पुरतात. अ‍ॅडमिट कार्ड आलं की ते त्याच मेलच्या उत्तरात जोडून पाठवायचं. नवा मेल करू नये. सगळा सिलसिला एका धाग्यात राहिला की सहा महिन्यांनी एचआरमधला माणूस बदलला तरी सापडतो.

अ‍ॅडमिट कार्ड पाठवताना एक काळजी घ्यावी, ती फार कुणी घेत नाही. त्या कार्डावर रोल नंबर आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही असतात. निकालाच्या दिवशी इन्स्टिट्यूटच्या साइटवर निकाल पाहायला याच दोन गोष्टी लागतात. म्हणजे कार्डाची प्रत ज्याच्या ज्याच्याकडे पोचली, तो तुमच्याआधी तुमचे गुण बघू शकतो. मेल साहेबांना, त्यांच्याकडून एचआरला, तिथून ‘माहितीसाठी’ आणखी दोघांना असा फिरतो. म्हणून मेलला जोडायच्या प्रतीत दोनपैकी एक नंबर झाकावा, सहीही झाकावी. नाव, फोटो, ग्रुप, तारखा आणि केंद्र दिसलं की काम भागतं. एचआरने मूळ कार्ड बघायला मागितलं तर समोर नेऊन दाखवावं. त्याला कुणाची हरकत नसते.

मेल पाठवण्याआधी साहेबांशी पाच मिनिटं बोलून घ्यावं. आधी तोंडी, मग लेखी. एचआरकडे थेट गेलेला अर्ज साहेबांकडे ‘आपली संमती आहे का’ म्हणून परत येतो, आणि ही गोष्ट आपल्याला दुसऱ्याकडून कळली याचा राग त्या संमतीत उतरतो. बोलताना दोन तारखा पुरेशा आहेत : कधीपासून नाही आणि कधी परत. सोबत सातला टीडीएस होऊन जाईल हे सांगावं. मग त्याच दिवशी असा काहीसा अर्ज जावा. इंग्रजीत मेल करणाऱ्यांनी इंग्रजीत लिहावा, मजकूर हाच.

‘दि. ६ नोव्हेंबर २०२५
विषय : सीए फायनल ग्रुप २ परीक्षेसाठी ८ ते १६ जानेवारी २०२६ रजा मिळणेबाबत.

महोदया,
सकाळी बोलल्याप्रमाणे, मी जानेवारी २०२६च्या सीए फायनल ग्रुप २ परीक्षेला बसत आहे. पेपर ११, १३ व १६ जानेवारीला दुपारी २ वाजता आहेत. त्यासाठी गुरुवार ८ ते शुक्रवार १६ जानेवारी अशी कामाच्या सात दिवसांची अर्जित रजा मिळावी. माझ्या खात्यावर सध्या नऊ दिवस शिल्लक आहेत.

डिसेंबरचा टीडीएस मी ७ जानेवारीला भरून जाईन. जीएसटीआर-१चा डेटा त्याच दिवशी जुळवून सहकाऱ्याकडे देईन, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. १९ जानेवारीला कामावर हजर होईन, ३बी मीच भरेन.

परीक्षेचे वेळापत्रक व फॉर्मची पोच सोबत जोडली आहे. अ‍ॅडमिट कार्ड आल्यावर पाठवते. इन्स्टिट्यूटने तारखा बदलल्यास त्याच दिवशी कळवेन व रजेच्या तारखा त्यानुसार बदलून मिळाव्यात ही विनंती.’

यात शेवटचं वाक्य उगाच आलेलं नाही. मे २०२५ मध्ये फायनल ग्रुप २ चे पेपर ८, १० आणि १३ मे रोजी होते. आठचा पेपर झाला. मग भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ ते १४ मे दरम्यानचे सगळे पेपर इन्स्टिट्यूटने पुढे ढकलले आणि काही दिवसांत १६ ते २४ मे असं नवं वेळापत्रक दिलं. ज्यांची रजा तेरा तारखेला संपत होती त्यांचे दोन पेपर अजून व्हायचे होते, शिल्लक रजा संपत आलेली, आणि ३० मेची मुदत अगदी जवळ. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळेही मे महिन्याच्या तारखा हलल्या होत्या. ज्याच्या अर्जात हे वाक्य आधीच असतं त्याला अशा वेळी फक्त ‘कळवत आहे’ म्हणायचं असतं. बाकीच्यांना पहिल्यापासून विनवणी करावी लागते. तारखा बदलल्याची सूचना निघाली की तिची प्रत त्याच मेलला जोडावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो जोडू नये, साइटवरची सूचनाच जोडावी, कारण अशा दिवसांत खोट्या सूचनाही तितक्याच वेगाने फिरतात.

उलट दिशेनेही बदल होतो. आपल्या उदाहरणात नंतर पंधरा जानेवारीला पुण्यासह राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आलं आणि तो दिवस सुट्टीचा ठरला. सातचे सहा दिवस झाले. सँडविचचा नियम असलेल्या कंपनीत मात्र तो मधला दिवसही रजेतच मोजला जाऊ शकतो, तेव्हा हेही एचआरला विचारून टाकावं.

अर्ज गेल्यावर साहेब ‘बघू’ म्हणतात. हे ‘बघू’ मंजुरी म्हणून धरू नये. पोर्टलवर रजा टाकली की तिथे पेंडिंग दिसत राहतं आणि लोक निर्धास्त होतात. पगाराचा हिशेब बंद करायची तारीख येते तेव्हा मंजूर न झालेली रजा गैरहजेरीत जाते आणि बिनपगारी होते. आठवड्याने एकदा आणि अ‍ॅडमिट कार्ड पाठवताना एकदा, अशी दोनदा आठवण करावी. दोन्ही वेळा लेखी.

आणि नकारच आला तर? कारण विचारावं आणि तारखांवर यावं. ‘सगळेच दिवस जमणार नाहीत’ आणि ‘मुळीच जमणार नाही’ यांत फरक असतो. आठ आणि नऊ सोडून बारा ते सोळा मागता येतात, म्हणजे पाचच दिवस. आधीचा शनिवार आपला असतोच. तेही होत नसेल तर बिनपगारी मागावी. काही साहेब ‘पुढच्या वेळी दे, चार महिन्यांनी आहेच’ म्हणतात. परीक्षा तीनदा होऊ लागल्यापासून हे उत्तर फार वाढलं आहे. त्यावर सांगण्यासारखं एक कारण काहींकडे असतं. एखाद्या पेपरात ६० गुण मिळून सूट मिळालेली असली तर ती पुढच्या तीनच अटेम्प्टपुरती चालते. पूर्वी तीन अटेम्प्ट म्हणजे दीड वर्ष होतं, आता एकच वर्ष. एक अटेम्प्ट सोडणं म्हणजे त्या सुटीचा तिसरा हिस्सा घालवणं, हे सीए झालेल्या साहेबांना समजावून सांगावं लागत नाही.

परीक्षेचं कारण लपवून आजारपणाची रजा टाकणारेही असतात. साहेबांना वाटेल हा पास झाला की नोकरी सोडणार, अशी भीती त्यामागे असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण सीएच्या परीक्षेच्या तारखा अकाउंट्समध्ये सगळ्यांना पाठ असतात. नेमक्या ११, १३, १६ ला पोट बिघडलेला माणूस लगेच ओळखू येतो. डॉक्टरांचं खोटं प्रमाणपत्र जोडलं तर मामला रजेचा न राहता गैरवर्तणुकीचा होतो. आणि निकाल चांगला लागला तर नावापुढे सीए लागणारच असतं, ते कुठे लपवणार?

परत आल्यावर एकोणीस तारखेला एका ओळीचा मेल करावा : तिन्ही पेपर दिले, कामावर हजर आहे. एखादा पेपर दिलाच नसेल, मध्येच सोडून दिला असेल, तर तेही सांगून उरलेले दिवस रद्द करून घ्यावेत. काही कंपन्या एक्झाम लीव्ह दिली असेल तर निकालानंतर गुणपत्रिका मागतात, आणि तिच्यात पेपरनिहाय गुण असतात. स्वतःची अर्जित रजा वापरली असेल तर गुण दाखवणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. निकाल मनासारखा नसेल तर मात्र कुठल्या पेपरात साठ आले ते नीट बघून ठेवावं. जीएसटीच्या पेपरात आले असतील तर मेच्या अर्जात पेपर तीनऐवजी दोनच असतील आणि पेपरांमधला तो सोमवारही मागावा लागणार नाही.